कीर्द तुम्ही लिहा, खतावणी शीट करेल

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या गावी व्यापारी मंडळातर्फे किराणा, स्टेशनरी, जनरल स्टोअरवाल्यांसाठी दोन तासांची कार्यशाळा आहे. विषय: वहीतला हिशोब साध्या शीटवर कसा आणायचा. सुरुवातीचं पाच-सात मिनिटांचं भाषण माझ्या गळ्यात पडलंय. काय बोलू म्हणजे लोक मधेच उठून जाणार नाहीत?

उत्तर:

भाषण खाली लिहून देतो, पण आधी माझी फजिती ऐका. माझ्या पहिल्याच कार्यशाळेत मी "आजचं युग संगणकाचं आहे" वगैरे सुरुवात केली. तिसऱ्या रांगेतले एक वयस्कर दुकानदार बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, वहीला चार्जिंग लागत नाही." सगळा हॉल हसला आणि पुढचे दोन तास मी त्या वाक्याशी भांडत बसलो. जिंकलो अर्थातच नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. गल्ल्यावर गर्दी असताना, एका हातात तराजूचं माप आणि समोर तीन गिऱ्हाइकं, तेव्हा वहीइतकं झटपट काहीच नाही. पेन उघडायचं, २१५ लिहायचं, पुढचं गिऱ्हाईक.

वही कमी पडते ती लिहिण्यात नाही, नंतर. आपल्या जुन्या हिशोबात दोन वेगळ्या वह्या असायच्या. दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने कीर्दीत, आणि मग मुनीमजी संध्याकाळी ते ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचे, म्हणजे खतावणी करायचे. छोट्या दुकानात मुनीम परवडत नाही, म्हणून दुकानदाराने कीर्दच सोडून दिली आणि थेट गिऱ्हाईकवार पानं घातली. त्यामुळे "काकूंकडे किती बाकी?" याचं उत्तर वही लगेच देते. "बाजारात माझे एकूण किती अडकलेत, आणि कुणी कधीपासून दमडी दिलेली नाही?" हे विचारलं की साठ पानं उलटावी लागतात. ती कुणी उलटत नाही.

तुमच्या भाषणाने एवढंच करायचं: वहीची बाजू मान्य करायची आणि हा दुसरा प्रश्न हॉलमध्ये ठेवायचा. शीटचं सगळं कौतुक या एका जागी येतं. विषय फक्त उधारीचा घ्या. विक्री, खरेदी, वीजबिल सगळं एकदम काढलंत तर सात मिनिटांत काहीच पोचणार नाही.

तयारी थोडीच लागते. एका मोठ्या चार्ट पेपरवर उधारीच्या वहीचं एक पान हाताने उतरवा, जाड स्केचपेनने, मागच्या रांगेला दिसेल असं. नाव बनावट घ्या, गावातल्या कुणाशी जुळणारं नको. मी "शिंदे काकू" घेतोय, पण तुमच्या गावात शिंदे असतीलच, तेव्हा बदला. पान असं:

```
मागील बाकी            १,६८०
३ जून   साखर, तेल        ५४०
९ जून   चहा, साबण        २१५
१२ जून  जमा              ५००
१८ जून  तांदूळ           ७८०
२४ जून  किरकोळ           १६५
३० जून  जमा            १,०००
बाकी                  १,८८०
```

बेरीज करून बघा, पान आतल्या आत बरोबर आहे. चूक त्याच्या आधीच्या पानावरून आली आहे. तिथे बाकी १,८६० होती, इथे उतरवताना १,६८० झाली. आधीच्या पानाची शेवटची ओळ वेगळ्या कागदावर लिहून खिशात ठेवा. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी आधीच वाटून ठेवा. पडद्यावर शीट उघडी असू द्या, पण सुरुवातीला पडदा झाकलेला बरा, नाहीतर लोक तुमच्याऐवजी तिकडेच बघत बसतात.

आता भाषण.

> नमस्कार. दुकान बंद ठेवून किंवा पोराला बसवून आलात, म्हणजे गल्ल्याचं नुकसान सोसून आलात, तेव्हा मी वेळ खात नाही.
>
> समोर चिठ्ठी आहे. तिच्यावर एकच आकडा लिहायचा: आज या घडीला तुमची बाजारात एकूण उधारी किती आहे. अंदाजाने. नाव घालू नका, मला दाखवू नका, शेजाऱ्याला तर अजिबात नको. लिहून घडी घालून खिशात टाका.
>
> लिहिलं? लिहिताना किती जण थांबलात? मला उत्तर नको. स्वतःपुरतं लक्षात ठेवा.
>
> आता हे पान बघा. असं पान तुमच्या प्रत्येकाच्या वहीत आहे. शिंदे काकू, महिन्याची उधारी, महिनाअखेरीला थोडे पैसे. बाकी १,८८०. जरा बेरीज करून बघा बरं, बरोबर आहे का?
>
> (थांबा. करू द्या. कुणीतरी "बरोबर आहे" म्हणेल.)
>
> बरोबर आहे. आणि तरीही काकूंकडून १८० रुपये कमी येणार आहेत. कारण आधीच्या पानावरची शेवटची ओळ ही होती. (खिशातला कागद दाखवा.) १,८६०. "मागील पानावरून पुढे" लिहिताना आठ आणि सहाची अदलाबदल झाली. लिहिणारा हुशार आहे, प्रामाणिक आहे, फक्त रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि शटर अर्धं ओढलेलं होतं.
>
> जुन्या मुनिमांना ही चूक पकडायची एक खूण माहीत होती. दोन शेजारचे आकडे उलटसुलट झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. एकशे ऐंशी भागिले नऊ, वीस. पण फरक आहे हेच कळलं नाही, तर भाग कशाला देणार? काकू तर सांगायला येणार नाहीत. जास्त लागले असते तर आल्या असत्या.
>
> वही वाईट आहे असं मी म्हणत नाही. वही गल्ल्यावरच राहणार. गिऱ्हाईक समोर असताना तुम्ही मोबाईल उघडून बसा असं आज इथे कुणीही सांगणार नाही. वहीला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, हे अगदी खरं.
>
> पण वहीत एक काम तुम्हालाच करावं लागतं. प्रत्येक पान संपलं की बाकी काढायची आणि पुढच्या पानावर न्यायची. पन्नास गिऱ्हाइकं, म्हणजे पन्नास वेळा. हे काम पूर्वी पगारी मुनीम करायचा. त्याला खतावणी म्हणायचे. आज आपण जी शीट बघणार आहोत, ती फक्त ते काम करते. तुम्ही कीर्द लिहायची: तारीख, नाव, तपशील, नावे किंवा जमा. एकाखाली एक. कुणाचं पान कुठे आहे ते शोधायचं नाही, बाकी पुढे न्यायची नाही.
>
> (पडदा उघडा. शीटमध्ये हेच पान आधीच भरलेलं आहे, १,६८० सकट.)
>
> हेच पान इथे आहे. बाकी १,८८०, चुकीची. म्हणजे चुकीचा आकडा टाकला तर ही शीटसुद्धा चुकीचंच उत्तर देते, ती काही जादू नाही. आता मी फक्त पहिली ओळ दुरुस्त करतो. १,८६०. बाकीकडे बघा.
>
> २,०६०. मी बेरीज केली नाही.
>
> वहीत हीच चूक सापडली असती, तर या पानाची बाकी खोडायची, पुढच्या पानाची खोडायची, त्याच्या पुढच्या. दिवाळीपर्यंत खाडाखोड.
>
> आज दोन तासांत आपण तीनच गोष्टी करणार. शीट उघडायची, दहा नोंदी भरायच्या, आणि कोणाची किती बाकी ते बघायचं. तुमचे आकडे तुमच्याच मोबाईलवर, तुमच्याच खात्यात राहतील. मंडळाला ते दिसणार नाहीत आणि आम्ही मागणारही नाही.
>
> खिशातली चिठ्ठी फेकू नका. महिनाभराने लागणार आहे.
>
> चला, मोबाईल काढा.

थांबे धरून हे सहा-सात मिनिटांत बसतं. घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा. बेरीज करायला सांगितल्यावरची शांतता अवघडल्यासारखी वाटते, म्हणून नवखा वक्ता ती भरून काढतो. भरू नका. दुकानदार माणूस आकडे समोर आले की बेरीज केल्याशिवाय राहत नाही, आणि त्याने स्वतः "बरोबर आहे" म्हटल्याशिवाय पुढच्या कागदात काही दम नाही.

भाषणात दोन गोष्टी मुद्दाम घातलेल्या नाहीत. जीएसटी हा शब्द पहिल्या सात मिनिटांत काढलात, तर अर्ध्या हॉलला वाटतं की हा कार्यक्रम मुळात करवाल्यांचा आहे. कुणी विचारलं तर नंतर बोला. दुसरी गोष्ट मालाचा साठा. "शीटवर स्टॉकही ठेवता येतो" असं म्हणायचा मोह होतो. सुटी साखर, सुटी डाळ, अर्धा पाव किलो, एक रुपयाची चॉकलेटं विकणाऱ्या दुकानात हाताने भरलेल्या शीटवर साठा जुळत नाही. मी प्रयत्न करून बघितलाय. दहा दिवसांत लोक कंटाळतात आणि त्याच्याबरोबर उधारीची शीटही बंद पडते.

आता शीट. भाषणात जे दाखवणार ते आदल्या दिवशी तयार हवं. गूगल शीट्स घ्या, कारण ती अँड्रॉइड मोबाईलवर फुकट चालते आणि फोन हरवला तरी हिशोब खात्यात राहतो. दोन पानं करायची. पहिल्याचं नाव `उधारी`, त्यात A तारीख, B नाव, C तपशील, D नावे, E जमा. ही कीर्द. दुसऱ्याचं नाव `खाती`, त्यात A मध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव एकदाच, B मध्ये बाकी, C मध्ये शेवटचे पैसे कधी दिले. `खाती`च्या B2 मध्ये हे:

```
=SUMIF('उधारी'!B:B,A2,'उधारी'!D:D)-SUMIF('उधारी'!B:B,A2,'उधारी'!E:E)
```

आणि C2 मध्ये हे:

```
=MAXIFS('उधारी'!A:A,'उधारी'!B:B,A2,'उधारी'!E:E,">0")
```

दोन्ही खाली ओढून घ्या आणि C रकान्याला तारखेचं स्वरूप द्या. ज्याने आजवर काहीच दिलं नाही त्याच्यासमोर 30/12/1899 अशी तारीख येते. घाबरू नका, शीटच्या लेखी ती शून्याची तारीख आहे. मी तर ती तशीच ठेवतो. "या गिऱ्हाइकाने १८९९ पासून पैसे दिलेले नाहीत" म्हटलं की हॉल पुन्हा जागा होतो.

सूत्रं लोकांकडून टाइप करून घेऊ नका. तयार फाइलची प्रत द्या.

सरावाच्या पहिल्या अर्ध्या तासात हमखास जे बिघडतं ते आकड्यांमध्ये. मराठी कीबोर्डवरून कुणी ५४० असे देवनागरी अंक टाकेल, कुणी `540/-` किंवा `540 रु` लिहील. शीट याला रक्कम न मानता मजकूर मानते आणि बेरजेतून चुपचाप वगळते, चूक दाखवत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खरा आकडा रकान्याच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या. लोकांना सांगा, D आणि E मध्ये डावीकडे काही दिसलं की ते पैसे हिशोबात नाहीत. तारखेचंही तसंच. फाइलची सेटिंग अमेरिकेची राहिली असेल तर 5/6/2025 म्हणजे ६ मे होतं, आणि 18/6/2025 डावीकडे जाऊन बसतं. संगणकावर File, मग Settings, तिथे Locale मध्ये India निवडून ठेवा. हे प्रती वाटण्याआधी करा, नंतर चाळीस मोबाईल धरून बसावं लागतं.

त्याहून चिवट दुखणं नावांचं. "शिंदे काकू" आणि "शिंदेकाकू" ही शीटला दोन माणसं. शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली तर तिसरं. आणि आपल्या मराठीत आणखी एक गंमत आहे: बोऱ्हाडे, कऱ्हाडे यांतला ऱ्ह वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगळ्या तऱ्हेने साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही नावं तंतोतंत सारखी दिसतात, शीटला नाही. एका कार्यशाळेत एक स्टेशनरीवाले बापलेक दोन फोनवरून नोंदी करत होते आणि एकाच गिऱ्हाइकाची बाकी निम्मीच दिसत होती. मला कारण शोधायला पाऊण तास लागला. तेव्हापासून मी नाव टाइप करूच देत नाही. `उधारी`च्या B रकान्याला `खाती`तल्या नावांची ड्रॉपडाउन यादी लावतो (Data, मग Data validation), आणि यादीबाहेरचं काही स्वीकारायचं नाही असं ठरवतो. नवं गिऱ्हाईक आलं की आधी `खाती`त नाव, मग नोंद.

तरी काही निसटलं का ते बघायला `खाती`च्या कोपऱ्यात एक घर ठेवा. जुने लोक याला तेरीज जुळवणं म्हणतील:

```
=SUM('उधारी'!D:D)-SUM('उधारी'!E:E)-SUM(B2:B200)
```

इथे शून्य यायला हवं. नाही आलं तर जेवढी रक्कम दिसते, तेवढी कुठल्यातरी अनाथ नावाखाली पडलेली आहे. डावीकडे चिकटलेले आकडे मात्र ही तेरीज पकडत नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी गळलेले असतात. ते डोळ्यांनीच बघायचे.

कार्यशाळा संपताना कुणीतरी विचारेलच, "जुनी वही सगळी भरायची का?" ठामपणे नाही म्हणा. तीन वर्षांच्या नोंदी भरायला बसलेला एकही माणूस चौथ्या दिवशी मला टिकलेला दिसला नाही. पुढच्या महिन्याची १ तारीख धरायची. प्रत्येक गिऱ्हाइकाची एकच ओळ, तपशिलात "मागील बाकी", रक्कम नावे. ही बाकी उतरवताना मात्र वहीतली शेवटची दोन पानं बेरजेसह तपासायची, नाहीतर काकूंचे १८० शीटमध्येही तसेच जातील. मग रोज रात्री गल्ला मोजून झाला की वहीतल्या त्या दिवसाच्या नोंदी शीटवर. पंचवीस-तीस नोंदींना, हात बसल्यावर, पंधरा मिनिटं. ज्या नोंदी शीटवर चढल्या त्यांच्यापुढे वहीत बरोबरची खूण. ही खूण नसली की एकच उधारी दोनदा चढते, आणि त्यावरून गिऱ्हाइकाशी जे भांडण होतं त्याचा दोष शीटवर येतो.

वही फेकायची नाही, याला आणखी एक कारण आहे. उधार दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत, पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर, १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे माल दिल्यापासून ३ वर्षं असते. त्या मुदतीत देणेकऱ्याने बाकी मान्य करून लेखी सही दिली, तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. ती सही वहीत घेता येते, शीटच्या चौकटीत नाही. मोठी बाकी असेल त्याची दर पाडव्याला वहीत सही घ्या, एवढं मी सगळ्यांना सांगतो. किराण्याच्या दोन हजारांसाठी कोर्टात कोणी जात नाही, पण सही मागितली की पैसे मात्र निघतात.

चिठ्ठीचं काय करायचं तेही सांगून ठेवतो. महिन्याभराने त्याच लोकांना अर्धा तास चहाला बोलवा आणि `खाती`च्या B रकान्याची बेरीज चिठ्ठीशेजारी लिहायला सांगा. माझ्याकडच्या एका किराणावाल्याने चिठ्ठीवर ६० हजार लिहिले होते, शीटने ९४ हजार दाखवले. त्याने C रकाना जुन्या तारखेकडून लावला, तर ३१ हजार अशा लोकांकडे निघाले ज्यांनी त्या महिन्याभरात एक रुपया दिला नव्हता. त्यातले दोघे रोज दुकानात येत होते. रोखीने पान-तंबाखू घ्यायला.